रिपोर्टमधला भाजक

ट्रिपल मार्कर किंवा क्वाड्रपल मार्करचा रिपोर्ट घरात आला की सगळ्यांचे डोळे आधी एकाच आकड्यावर जातात. ‘डाउन सिंड्रोमची जोखीम १:२४५’ आणि त्यापुढे ठळक अक्षरांत ‘स्क्रीन पॉझिटिव्ह’. पुढचे काही दिवस त्या घरात कोणाला झोप येत नाही. त्याच कागदावर, बऱ्याच वर, बारीक टायपात आणखी एक ओळ छापलेली असते: ‘गर्भाचे वय १८ आठवडे ० दिवस, आधार शेवटची पाळी.’ ही ओळ सहसा कोणी वाचत नाही. पण खालचा धास्ती घालणारा आकडा उभा असतो तो याच ओळीवर, आणि ती ओळ चुकली असेल तर खालचा आकडाही चुकलेलाच असतो. प्रयोगशाळेने रक्त कितीही काटेकोरपणे तपासले असले तरी त्यात फरक पडत नाही.

हे असे का, ते समजून घ्यायचे तर मुळात रक्तात काय शोधले जाते ते पाहायला हवे. आईच्या रक्तात बाळाचे गुणसूत्र या तपासणीत कोणी मोजत नाही. मोजली जातात ती गर्भ आणि वार यांनी तयार केलेली काही द्रव्ये, जी आईच्या रक्तात उतरलेली असतात. त्यातले सर्वात जुने अल्फा फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी. ते गर्भाच्या यकृतात तयार होते. १९७२ साली एडिंबरामध्ये ब्रॉक आणि सटक्लिफ यांनी दाखवले की बाळाच्या पाठीचा कणा किंवा कवटी उघडी राहिली असेल, तर गर्भजलातले एएफपी खूप वाढते. मग आईच्या रक्तातही ते मोजले जाऊ लागले. त्या काळी सगळ्यांचे लक्ष वाढलेल्या एएफपीकडे होते. कमी एएफपीचा अर्थ लागला तो १९८४ साली अमेरिकेत. एका आईच्या रक्तात एएफपी जवळपास सापडलेच नव्हते, आणि तिचे बाळ ट्रायसोमी १८ हा गुणसूत्रांचा गंभीर दोष घेऊन जन्मले. तेव्हा मर्कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी उघडून पाहिल्या आणि गुणसूत्रांत दोष असलेल्या गर्भांच्या आयांमध्ये एएफपी कमी असते असे दिसून आले. त्यात पुढे वारेतून येणारे एचसीजी आणि अनकॉन्ज्युगेटेड इस्ट्रिऑल यांची भर पडली. १९८८ साली निकोलस वॉल्ड आणि सहकाऱ्यांनी ही तिन्ही द्रव्ये आईच्या वयाशी जोडली. तीच आपली ट्रिपल मार्कर. चौथे इनहिबिन-ए मिळवले की क्वाड्रपल.

डाउन सिंड्रोममध्ये, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असताना, दुसऱ्या तिमाहीत एएफपी आणि इस्ट्रिऑल सरासरी पाव हिश्शाने कमी असतात, तर एचसीजी आणि इनहिबिन साधारण दुप्पट. पण कमी कशाच्या मानाने आणि दुप्पट कशाच्या? खरी मेख या प्रश्नात आहे.

गरोदरपणात ही द्रव्ये एका जागी थांबत नाहीत. पंधराव्या ते विसाव्या आठवड्यात एएफपी दर आठवड्याला सुमारे १५ टक्क्यांनी चढते. इस्ट्रिऑल त्याहून भराभर चढते. एचसीजी मात्र त्याच काळात उतरत असते. म्हणजे सोळाव्या आठवड्यात जे मूल्य अगदी नेहमीचे, तेच अठराव्या आठवड्यात कमी किंवा जास्त ठरते. शिवाय एका प्रयोगशाळेचे किट एक आकडा देते, दुसरीचे दुसराच. नुसता ‘एएफपी ३३’ असा आकडा वाचून कोणालाच काही सांगता येत नाही.

यावर सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या मोठ्या अभ्यासात एक साधा उपाय वापरला गेला. निरोगी गर्भ असलेल्या, नेमक्या त्याच आठवड्यातल्या पुष्कळ बायकांची मूल्ये घ्यायची, चढत्या क्रमाने मांडायची आणि बरोबर मधले मूल्य निवडायचे. हे मधले मूल्य म्हणजे मध्यक. सरासरी घेत नाहीत, कारण ही मूल्ये एका बाजूला लांब पसरलेली असतात. दोन-चार बायकांचे एचसीजी फारच जास्त असले तर सरासरी वर ओढली जाते, मध्यक मात्र जागचा फारसा हलत नाही. मग आपल्या बाईच्या मूल्याला त्या मध्यकाने भागायचे. येणारा भागाकार म्हणजे रिपोर्टमधले एमओएम, मध्यकाच्या किती पट. १.० आले तर ती बाई बरोबर मधोमध. ०.५ आले तर निम्म्यावर. दोन्ही प्रयोगशाळांनी स्वतःच्या मध्यकाने भागले की किटचा फरक पुसला जातो. आठवड्याचा फरकही पुसला जातो, पण एका अटीवर: आठवडा बरोबर ठाऊक असला पाहिजे.

या भागाकारातला भाज्य प्रयोगशाळेतल्या यंत्राकडून येतो. त्यावर रोज नियंत्रण असते, ठरावीक नमुने चालवून यंत्र तपासले जाते. भाजक मात्र फॉर्मवर लिहिलेल्या तारखेतून येतो. ती तारीख कोणी घाईत विचारलेली असते आणि कोणी घाईत सांगितलेली असते. माझ्या मते या सगळ्या तपासणीत सर्वात कच्चा दुवा हाच आहे, आणि त्याकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. उदाहरण रचलेले आहे आणि मध्यकही सोपे, गोल केलेले आहेत, कारण प्रत्येक प्रयोगशाळेचे मध्यक वेगळे असतात. पण प्रमाणे खऱ्यासारखीच आहेत. समजा, तीस वर्षांची एक बाई आहे. तिच्या शेवटच्या पाळीवरून रक्त काढले त्या दिवशी अठरा आठवडे पूर्ण झालेले. तिचे एएफपी आले ३३, एचसीजी ३६ आणि इस्ट्रिऑल १.०. अठराव्या आठवड्याचे मध्यक आहेत अनुक्रमे ४४, २० आणि १.४. भागाकार केला:

एएफपी ३३ ÷ ४४ = ०.७५
एचसीजी ३६ ÷ २० = १.८
इस्ट्रिऑल १.० ÷ १.४ = ०.७१

पहिले आणि तिसरे कमी, मधले जास्त. हा तर डाउन सिंड्रोमचाच साचा झाला. संगणक पुढे विचारतो की असे एमओएम बाधित गर्भांमध्ये किती वेळा दिसतात आणि निरोगी गर्भांमध्ये किती वेळा. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे संभाव्यता गुणोत्तर. प्रत्येक द्रव्य स्वतंत्र धरून मी ते हाताने काढले तर एएफपीचे सुमारे १.३, एचसीजीचे १.७ आणि इस्ट्रिऑलचेही १.७ येते. (प्रत्यक्षात ही द्रव्ये एकमेकांशी थोडी बांधलेली असतात. संगणक ते लक्षात घेतो, मी इथे सोडून दिले आहे.) तिन्हींचा गुणाकार साधारण ३.७. तिसाव्या वर्षी बाळंत होणाऱ्या बाईची नुसत्या वयावरून जोखीम सुमारे १:९००. तिला ३.७ ने गुणले की १:२४५. पुष्कळ ठिकाणी सीमारेषा १:२५० धरतात. बाई रेषेच्या पलीकडे गेली. स्क्रीन पॉझिटिव्ह.

आता असे कळते की या बाईची पाळी कधीच महिन्याच्या महिन्याला येत नव्हती, ती चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी यायची. सोनोग्राफी होते आणि गर्भाचे माप सांगते की रक्त काढले त्या दिवशी गर्भ सोळा आठवड्यांचाच होता. रक्त तेच, आकडे तेच. बदलतो तो फक्त भाजक. सोळाव्या आठवड्याचे मध्यक आहेत ३३, ३० आणि ०.९५:

एएफपी ३३ ÷ ३३ = १.०
एचसीजी ३६ ÷ ३० = १.२
इस्ट्रिऑल १.० ÷ ०.९५ = १.०५

गुणोत्तरे आता ०.७५, ०.६४ आणि ०.५ येतात. गुणाकार साधारण ०.२४. जोखीम १:३७०० च्या आसपास. तारखेतल्या दोन आठवड्यांनी एका बाईला १:२४५ वरून १:३७०० वर नेले, म्हणजे पंधरापट फरक पडला.

यातली सर्वात विचार करण्यासारखी गोष्ट ही, की तिन्ही चुका एकाच दिशेने जातात. गर्भ खऱ्याहून मोठा धरला की चढणारी द्रव्ये कमी दिसतात आणि उतरणारे जास्त दिसते. नेमका हाच डाउन सिंड्रोमचा साचा आहे. एक चूक दुसरीला खोडून काढत नाही. उलट गर्भ खऱ्याहून लहान धरला गेला तर एएफपी फुगते आणि एचसीजी दबते. मग खरोखर बाधित असलेला गर्भ ‘स्क्रीन निगेटिव्ह’ म्हणून निसटू शकतो, आणि निरोगी बाळाच्या आईला उघड्या कण्याची नसती भीती घातली जाऊ शकते. पहिल्या प्रकारची चूक निदान कोणाला तरी अस्वस्थ करते, म्हणून ती शोधली जाते. दुसऱ्या प्रकारची चूक कोणीच शोधत नाही, कारण चांगल्या रिपोर्टवर शंका कोण घेतो?

तारीख चुकते कशी? पाळीवरून मोजताना गृहीत असे असते की पाळी अठ्ठावीस दिवसांची आणि बीज चौदाव्या दिवशी सुटलेले. पंचेचाळीस दिवसांच्या चक्रात बीज साधारण एकतिसाव्या दिवशी सुटते. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच अडीच आठवड्यांचा फरक पडलेला असतो. पीसीओडी असलेल्या मुली आज किती आहेत हे सांगायला नको. अंगावर पाजत असताना पाळी न येताच पुन्हा दिवस जातात. गोळ्या बंद केल्यावरची पहिली पाळी लांबते. गर्भ रुजताना थोडे रक्त जाते आणि तीच पाळी समजली जाते. तेव्हा गर्भ खऱ्याहून महिनाभर लहान ठरतो, आणि ही वर सांगितलेली निसटून जाण्याची दिशा. शिवाय आपल्याकडे कितीतरी बायका तारीख सणावरून सांगतात. ‘संक्रांतीच्या आदल्या दिवशी’ म्हटले तर ठीक, ती दर वर्षी चौदा-पंधरा जानेवारीलाच असते. पण ‘पाडव्यानंतर चार दिवसांनी’ म्हटले तर त्या वर्षीचे पंचांग उघडून पाहावे लागते, आणि ते पाहिले जातेच असे नाही. सांगणारी चुकत नाही. तिची आठवण बरोबर असते, लिहून घेणारा अंदाजाने तारीख टाकतो.

म्हणून गर्भाचे वय ठरवायचे ते पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून. १९७३ साली ग्लासगोमध्ये ह्यू रॉबिन्सन यांनी दाखवले की गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजली तर वय फार नेमके कळते. रिपोर्टात ही लांबी सीआरएल या नावाने येते. पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक सगळे गर्भ जवळपास एकाच गतीने वाढतात, घराण्याची उंची किंवा आईचा आहार अजून त्यात शिरलेला नसतो. म्हणून चूक पाच ते सात दिवसांच्या आत राहते. जसजसे आठवडे सरतात तशी प्रत्येक बाळाची वाढ आपापल्या वाटेने जाते आणि सोनोग्राफीचा अंदाज सैल होतो. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचे नियम याच तत्त्वावर बेतलेले आहेत. नऊ आठवड्यांच्या आत पाळी आणि सोनोग्राफी यांत पाच दिवसांहून जास्त फरक असेल तर सोनोग्राफीचे वय घ्यायचे. नवव्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत सात दिवसांहून जास्त फरक असेल तर, आणि सोळा ते बावीस आठवड्यांमध्ये दहा दिवसांहून जास्त असेल तर.

डबल मार्करमध्ये ही अडचण बरीच कमी होते, कारण ती करतानाच सोनोग्राफी होते. सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटर असताना, म्हणजे अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान, गर्भाच्या मानेमागची जाडी आणि आईच्या रक्तातले पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी पाहतात. पॅप-ए या काळात फार वेगाने चढते, त्यामुळे इथे आठवड्याची नव्हे तर दिवसांची चूकही जाणवते. पण दिवस मोजणारी पट्टी त्याच वेळी हातात असते. अट एवढीच, की फॉर्मवर पाळीची तारीख न टाकता सीआरएल आणि सोनोग्राफीची तारीख लिहिली पाहिजे. रक्त एका दिवशी आणि सोनोग्राफी दुसऱ्या दिवशी झाली असेल तर दोन्ही तारखा हव्यात.

दुसऱ्या तिमाहीत पहिल्यांदाच तपासणीला आलेल्या बाईचे काय? आपल्याकडे अशा बायका पुष्कळ असतात. तिथे डोक्याच्या मापावरून वय ठरवतात, आणि यात एक बारीक गोम आहे. मांडीच्या हाडाची लांबीही सोनोग्राफीत मोजलेली असते, मग तिच्यावरून वय का ठरवत नाहीत? कारण डाउन सिंड्रोममध्ये तेच हाड आखूड असते. आखूड हाडावरून गर्भ लहान ठरवला, की एएफपीचा मध्यक खाली येतो, एमओएम वर चढते, आणि ज्याला शोधायला निघालो तोच लपतो. डोक्याच्या रुंदीची गोष्ट याच्या उलट. कणा उघडा असलेल्या बाळाचे डोके अनेकदा लहान असते, त्यामुळे डोक्यावरून ठरवलेले वय थोडे कमी येते आणि आधीच वाढलेले एएफपी आणखी वाढलेले दिसते. इथे मापातली चूक दोष पकडायला मदत करते. असे उपयोगी योग वैद्यकात फार थोडे सापडतात.

भाजकावर तारखेशिवाय आईच्या वजनाचाही परिणाम होतो. चमचाभर साखर पेलाभर पाण्यात टाकली तर गोडी जास्त, तांब्याभर पाण्यात टाकली तर कमी. वजनदार आईच्या अंगात रक्ताचे आकारमान जास्त असते, म्हणून तेवढेच द्रव्य विरळ दिसते. संगणक वजनाप्रमाणे हे दुरुस्त करतो. पण मूळ मध्यक परदेशातल्या, जास्त वजनाच्या बायकांचे असतील आणि ते तसेच इथे वापरले तर इथल्या सडपातळ बायकांचे एमओएम एका बाजूला झुकतात. चांगली प्रयोगशाळा स्वतःकडे येणाऱ्या बायकांचे मध्यक काढते आणि ते तपासत राहते. तपासण्याची रीत सोपी आहे: महिन्याभरातल्या सगळ्या रिपोर्टांचे एमओएम घ्यायचे आणि त्यांचा मध्यक काढायचा. मध्यक जागेवर असेल तर तो १.० च्या अगदी जवळ आला पाहिजे. किटचा नवा लॉट आल्यानंतर तो ०.९ खाली किंवा १.१ च्या वर सरकला, तर त्या महिन्यातल्या सगळ्याच रिपोर्टांची जोखीम तिरकी झालेली असते. एकेका बाईच्या कागदावरून हे कधीच कळत नाही, ते फक्त प्रयोगशाळेलाच दिसते. म्हणून प्रयोगशाळेला तुमचे मध्यक तुमचेच आहेत का, हे विचारायला डॉक्टरांनी संकोच करू नये.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पहिला प्रश्न हाच: हे गणित कोणत्या तारखेवर केले? आधार पाळीचा असेल आणि सोनोग्राफी दहा दिवसांहून जास्त फरक दाखवत असेल, तर पुन्हा रक्त द्यायची गरज नाही. दुरुस्त वय कळवले की प्रयोगशाळा त्याच आकड्यांवर नवे गणित करून देते. दुरुस्त वय पंधरा आठवड्यांहून कमी निघाले, तर मात्र रक्त फार लवकर काढले गेले होते. मग तो रिपोर्ट बाजूला ठेवून योग्य आठवड्यात नव्याने रक्त द्यावे लागते. तारीख बरोबर असताना, केवळ आकडा आवडला नाही म्हणून तीच तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून घेणे मात्र घातक. टोकाला गेलेला आकडा दुसऱ्या खेपेला नुसत्या योगायोगानेही मधल्या मूल्याकडे सरकतो, आणि त्या दिलाशात खरा बाधित गर्भ हरवू शकतो. तारीख खरी असेल आणि जोखीम सीमारेषेपलीकडे असेल, तर पुढची पायरी म्हणजे आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएची तपासणी, नाहीतर गर्भजल काढून गुणसूत्रे प्रत्यक्ष पाहणे. निदान होते ते गर्भजलातून. मार्करचा रिपोर्ट, पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, निदान कधीच नसतो.

आणि दुरुस्तीलाही मर्यादा आहे. पहिल्या तिमाहीत सीआरएलवरून वय एकदा ठरले की पुढच्या सोनोग्राफीत बाळ लहान दिसले म्हणून ते बदलायचे नाही. ट्रायसोमी १८ च्या गर्भाची वाढ लवकरच खुंटते, आणि त्यात एएफपी, एचसीजी, इस्ट्रिऑल ही तिन्ही द्रव्ये कमी असतात. अशा बाळाचे वय मागे ओढून ‘तारीख चुकली होती’ असे म्हटले की एएफपी आणि इस्ट्रिऑल ठाकठीक दिसू लागतात, मापेही जुळतात. अशा वेळी एचसीजीकडे पाहावे. तारीखच चुकलेली असती तर वय मागे नेल्यावर तेही १.० च्या जवळ यायला हवे होते, पण ते अजून खाली जाते, कारण कमी आठवड्यांचा एचसीजीचा मध्यक जास्त असतो.